अडकलेल्या बिलातला धंदा

*मी एका उत्पादन कंपनीत सात वर्षं पुरवठादारांची बिलं तपासून पास करण्याचं काम करते. स्वतःचं काहीतरी सुरू करायचं बऱ्याच दिवसांपासून डोक्यात आहे. सगळे सांगतात, रोजच्या कामात जे हाताने पुन्हा पुन्हा करावं लागतं आणि जिथे कायम गोंधळ असतो, तिथेच कल्पना सापडतात. म्हणून वही घातली, तर महिनाभरात चाळीस ओळी झाल्या. बिलं टाइप करणं, ती खरेदीच्या ऑर्डरशी म्हणजे पीओशी जुळवणं, स्टोअरला फोन करणं, मंजुरीसाठी साहेबांच्या मागे लागणं, पुरवठादाराने बँक खातं बदललं की ते तपासणं, आणि असंच बरंच काही. आता सगळ्याच ओळी धंद्यासारख्या वाटतात, आणि नीट पाहिलं की एकही वाटत नाही. यातून निवडायचं कसं? आणि नोकरीत राहून हे करणं बरोबर आहे का?*

*— वहीवाली*

वहीत तुम्ही कामांची नावं लिहिली आहेत आणि नावांवरून फारसं काही कळत नाही. ‘बिल पीओशी जुळवणं’ ही ओळ कुठल्याही अकाउंट्स विभागातला माणूस लिहू शकेल. ते काम नेमकं कुठे अडतं, का अडतं आणि अडल्यावर कोणाचे पैसे जातात, यातलं काहीच त्या ओळीत नाही. तेव्हा ती चाळीस नावं तशीच राहू द्या आणि नव्या पानावर प्रसंग लिहायला लागा. एक प्रसंग म्हणजे एक बिल आणि त्याचं त्या दिवशी जे झालं ते.

कंपन्यांमध्ये खरेदी, साठा आणि हिशोब एकत्र सांभाळणारी ईआरपी सिस्टिम बसवणाऱ्या टीममध्ये मी बरीच वर्षं काम केलं आहे. माणसांना ‘तुमचं काम कसं चालतं?’ असं विचारलं की ते कसं चालायला हवं तेच सांगतात. ‘काल अडकलेलं बिल दाखवा’ म्हटलं की खरं बाहेर येतं. तुम्ही तर त्या खुर्चीतच बसता, त्यामुळे तुम्हाला कोणाला विचारायचीही गरज नाही. फक्त घडल्या घडल्या लिहा, कारण संध्याकाळपर्यंत आपण जुगाड विसरतो आणि लक्षात राहतो तो फक्त वैताग.

प्रत्येक प्रसंगात मला पुढच्या गोष्टी दिसल्या पाहिजेत. काम कशाने सुरू झालं: मेल आली, फोन आला, की सिस्टिमने बिल अडवलं? ते सोडवताना कोणत्या स्क्रीन आणि कोणत्या फाइल्स उघडल्या? कुठे तुम्हाला स्वतःच्या डोक्याने ठरवावं लागलं? कोणाची वाट पाहिली आणि किती? त्या दिवशी ते काम झालंच नसतं तर पुढे कोणाचं काय बिघडलं असतं? आणि एक गोष्ट बहुतेक जण लिहीतच नाहीत: हे काम एकदा संपलं होतं का, आणि ते पुन्हा का उघडावं लागलं?

या शेवटच्या प्रश्नातून किती मोठी गोष्ट निघू शकते याचं उदाहरण तुमच्या स्क्रीनवर रोज उघडं असतं. डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना फळ्यावर आर्थिक तक्ते मांडले जायचे. त्यात एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. बेरीज-वजाबाकी करायला यंत्रं तेव्हाही होती. त्रास होता तो एका बदलामुळे झालेलं काम पुन्हा करण्याचा. ब्रिकलिनने नेमकं तेच पकडलं, आणि त्याने बॉब फ्रँकस्टनबरोबर बनवलेलं व्हिसिकॅल्क १९७९ मध्ये बाजारात आलं. आजची एक्सेलची शीट त्याच घराण्यातली. ब्रिकलिनने ‘हिशोब करणं कंटाळवाणं आहे’ एवढंच लिहून ठेवलं असतं, तर त्यातून फार तर आणखी एक कॅल्क्युलेटर निघाला असता.

किती दिवस लिहायचं? महिनाअखेर आणि तिच्या पुढचा आठवडा त्यात आलाच पाहिजे. महिन्याच्या मधल्या दिवसांत तुमचा विभाग वेगळा असतो आणि खाती बंद करायच्या घाईत वेगळा. बरेचसे मोडके रस्ते त्या घाईतच दिसतात.

आता एक प्रसंग नीट उलगडून बघू. तुमच्या कंपनीत काय येतं ते मला माहीत नाही, म्हणून मी पॅकिंगच्या प्लास्टिक फिल्मचं उदाहरण घेतो. आकडे माझे आहेत, पण असा प्रसंग अनेक ठिकाणी ओळखीचा वाटेल.

खरेदी विभागाने पीओ काढली ४० रोलची. स्टोअरने माल उतरवून घेतला, मोजला आणि माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन केली, तीही ४० रोलची. पुरवठादाराचं बिल आलं १,००३ किलोचं. सिस्टिम तीन कागद जुळवायला बघते, तर दोन कागदांवर नग आणि तिसऱ्यावर वजन. बिल अडकलं. तुम्ही काय करता? तुमच्या डेस्कटॉपवर एक फाइल असते, तिचं नाव `roll_wt_final_2.xlsx` असं काहीतरी. तुमच्या आधीच्या कोणीतरी ती बनवलेली, तुम्ही त्यात भर घालत आलात. त्यात या फिल्मचा एक रोल २४.५ किलो असं लिहिलेलं आहे. ४० गुणिले २४.५ म्हणजे ९८० किलो. बिल २३ किलोने जास्त, म्हणजे साधारण २.३५ टक्के. कंपनीची मर्यादा आहे २ टक्के. म्हणून तुम्ही स्टोअरला फोन करता, स्टोअरवाले गेटवरची वजनाची पावती शोधतात, तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, तुम्ही तो खरेदी विभागाला पाठवता, तिथून ‘ओके’ येतं, आणि तुम्ही बिल सोडता. तोवर चार दिवस गेलेले असतात आणि पुरवठादाराची माणसं दोनदा फोन करून गेलेली असतात.

तुमच्या जुन्या वहीत हे सगळं ‘पीओशी जुळवणं’ आणि ‘स्टोअरला फोन’ अशा दोन ओळींत विरून गेलं होतं. आता त्यातली सगळ्यात मोलाची वस्तू पाहा, ती म्हणजे ती डेस्कटॉपवरची फाइल. कंपनीने लाखमोलाची सिस्टिम घेतलेली असताना एक माणूस स्वतःची वेगळी फाइल सांभाळतो, कारण सिस्टिमला जे माहीत नाही ते त्या फाइलला माहीत असतं. तुमच्या विभागात अशा आणखी फाइल्स असतील. पुरावा म्हणून फिरणारे व्हॉट्सअ‍ॅप फोटो, विषयात ‘प्लीज चेक’ असलेले मेल, दोन स्क्रीन शेजारी ठेवून एकीतून दुसरीत केलेलं कॉपी-पेस्ट, आणि ‘ते फक्त त्यांनाच कळतं’ असं जिच्याबद्दल बोललं जातं अशी एक व्यक्ती, या सगळ्या त्याच जातीच्या खुणा. त्या शोधून प्रसंगाशेजारी टिपून ठेवा.

हाताने पुन्हा पुन्हा करायची कामं आणि मोडलेली प्रक्रिया या दोन गोष्टी तुम्ही एकाच दमात लिहिल्या आहेत, पण धंद्याच्या दृष्टीने त्यांच्यात बराच फरक आहे. बिलावरचे आकडे सिस्टिममध्ये टाइप करणं हे पहिल्या प्रकारचं काम. ते कंटाळवाणं आहे, पण कुठे मोडलेलं नाही. आणि ते डोळ्यांवर येतं म्हणूनच सगळ्यांनी आधी तेच उचललं. बिल स्कॅन करून आकडे वाचणारी सॉफ्टवेअर्स ढिगाने आहेत, मोठ्या ईआरपी कंपन्या ती सोय आपल्या पोतडीतूनच देतात. तिथे एकट्याने उतरू नका. मोडलेली प्रक्रिया बहुधा दोन विभागांच्या सीमेवर असते. आपल्या उदाहरणात खरेदीची पीओ बरोबर, स्टोअरची मोजणी बरोबर, बिलही त्याच्या जागी बरोबर. चूक कोणाचीच नाही म्हणून दुरुस्ती कोणाचीच नाही, आणि ती सगळी तुमच्या टेबलावर येऊन पडते. माझ्या अनुभवात विकण्याजोगं काही सापडलं तर ते बहुतेक अशा सीमेवरच.

पण सापडलं म्हणून लगेच उड्या मारायच्या नाहीत. आधी एक प्रश्न खोदून काढायचा: सिस्टिम हे स्वतः का करत नाही? याचं उत्तर चुकलं की पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

पहिली शक्यता अशी की सिस्टिमला येतं, पण कोणी बसवलेलंच नाही. एका वस्तूला दोन मापं देण्याची सोय जवळपास प्रत्येक ईआरपीत असते. वस्तूंच्या मूळ नोंदीत म्हणजे आयटम मास्टरमध्ये ‘१ रोल = २४.५ किलो’ असं भरलं की रूपांतर आपोआप होतं. तुमच्या अडकलेल्या बिलांतल्या बहुतेकांना एवढंच औषध पुरत असेल, तर तो आयटी विभागाचा अर्ध्या दिवसाचा उद्योग झाला, त्यात कंपनी काढण्यासारखं काही नाही. अनेकांची कल्पना इथेच संपते, आणि ती सहा महिने खर्च करून संपण्यापेक्षा एका दुपारी संपलेली केव्हाही चांगली. आयटीच्या माणसाजवळ बसा आणि हे भरलेलं आहे का, नसेल तर का नाही, ते विचारा.

दुसरी शक्यता अशी की ते भरून पाहिलं आणि चाललं नाही. फिल्मचा रोल प्रत्येक वेळी २४.५ किलोचा नसतो. एक २४.१ भरतो, दुसरा २५. कापडाचे तागे, पोलादाची कॉइल, चीज, मांस, सगळीकडे हीच तऱ्हा: नग मोजून घ्यायचा आणि पैसे प्रत्यक्ष वजनावर द्यायचे. याला ‘कॅच वेट’ म्हणतात, आणि काही मोठ्या ईआरपींमध्ये त्यासाठी वेगळी सोयही आहे. मग तरी का अडतं? कारण त्या सोयीला प्रत्येक रोलचं वजन हवं असतं, आणि ते माल उतरवताना तुमच्या सिस्टिममध्ये नसतंच. ते पुरवठादाराच्या पॅकिंग लिस्टवर असतं. मोठे पुरवठादार माल निघतानाच त्याची इलेक्ट्रॉनिक सूचना पाठवतात, त्यात हे सगळं येतं. लहान पुरवठादार बिलाला टाचून एक कागद पाठवतात, प्रत्येकाचा नमुना वेगळा. स्टोअरवाले तो कागद फाइलला लावतात आणि कामाचा आकडा तिथेच अडकतो.

बघा, आपण ‘बिलं जुळवणारं सॉफ्टवेअर’ इथून सुरुवात केली होती. आता हातात आहे ते असं: लहान पुरवठादारांच्या पॅकिंग लिस्टवरचं नगागणिक वजन माल उतरतानाच खरेदीदाराच्या सिस्टिममध्ये पोचवणं. हे ऐकायला भव्य नाही. पण ते कोणाला विकायचं, कोणत्या कागदापासून सुरू करायचं आणि कधी ते चाललं असं म्हणायचं, हे आता सांगता येतं.

आता पैशाकडे येऊ. इथे चुकणारे लोक मी सगळ्यात जास्त पाहिले आहेत, कारण ते वेळेचा हिशोब मांडून थांबतात. समजा महिन्याला ६०० बिलं येतात, त्यातली ७० अडकतात आणि दर बिलामागे तुमची, स्टोअरची आणि खरेदीची मिळून ५० मिनिटं जातात. हे झाले जवळपास ५८ तास. त्यातली मापाच्या फरकाची बिलं ४० धरली, तर ३३ तास. हा आकडा साहेबांपुढे ठेवला तर ते मनातल्या मनात म्हणतील, एका माणसाचा पाचवा हिस्सा, आणि त्या माणसाला पगार तर मी देतोच आहे. वाचलेल्या तासांतून कोणाचा पगार कमी होत नाही, त्यामुळे फक्त वेळ वाचवणारी वस्तू विकणं अवघड जातं.

म्हणून त्या २३ किलोंकडे पुन्हा बघा. ४० रोलमध्ये २३ किलो जास्त, म्हणजे रोलमागे ५७५ ग्रॅम. एका बिलात असं झालं तर फिल्म थोडी जाड आली असेल म्हणून सोडून देता येईल. पण प्रसंग सलग लिहिल्यावर दिसतं की या पुरवठादाराच्या प्रत्येक बिलात फरक रोलमागे ५५० ते ६०० ग्रॅमच्या आसपासच आहे. फिल्म जाड-पातळ असती तर फरक कमी-जास्त झाला असता, कधी उणाही आला असता. एवढा एकसारखा फरक म्हणजे काहीतरी ठरावीक वजनाची वस्तू मोजली जाते आहे. आणि ती वस्तू रोलच्या मध्येच असते: फिल्म ज्यावर गुंडाळतात ती पुठ्ठ्याची नळी. तुमच्या फाइलमधलं २४.५ हे निव्वळ फिल्मचं वजन, आणि बिल नळीसकट वजनाचं. कंपनी कित्येक महिने पुठ्ठ्याला फिल्मचा भाव देत होती, आणि तुम्ही दर वेळी चार दिवस खर्चून ते रीतसर मंजूर करून घेत होतात.

साहेबांना ३३ तासांपेक्षा हे फार लवकर कळतं. पण इथेही एक सापळा आहे. नळीचा प्रश्न एका ओळीने सुटतो. पीओवर ‘दर निव्वळ वजनावर’ असं छापलं की संपलं. एकदाच करून कायमचा सुटणारा प्रश्न हे तुमच्या कंपनीसाठी उत्तम काम आहे, आणि ते तुम्ही जरूर करून द्यावं, पण त्यावर दर महिन्याला पैसे देणारं गिऱ्हाईक उभं राहत नाही. म्हणून नळी वजा करून उरलेल्या प्रसंगांकडे बघा. नवे पुरवठादार येतच राहतात का? त्यांचे कागदाचे नमुने बदलतात का? रोलमागचा खरा फरक दर खेपेला वेगळा येतो का, आणि त्यात पैसे जातात का? तीनही उत्तरं ‘हो’ असतील तरच प्रश्न दर महिन्याला नव्याने जन्माला येतो, आणि तरच त्यावर धंदा उभा राहील.

यानंतर तुमच्या इमारतीबाहेर जायला हवं, कारण इथवर जे कळलं ते एकाच कंपनीबद्दल आहे. बेट नेस्मिथ ग्रॅहमची गोष्ट मला यासाठी फार मोलाची वाटते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या डॅलसच्या टेक्सास बँक अँड ट्रस्टमध्ये सेक्रेटरी होत्या. नवीन इलेक्ट्रिक टाइपरायटरची कार्बन रिबनने उमटलेली अक्षरं खोडरबराने नीट पुसली जायची नाहीत, उलट कागद काळा व्हायचा आणि एका अक्षरासाठी पूर्ण पान पुन्हा टाइप करावं लागायचं. बँकेच्या खिडक्या रंगवणारे चित्रकार चुका पुसत नाहीत, वरून रंग मारतात, हे त्यांनी पाहिलं आणि पाण्यात मिसळणारा पांढरा रंग एका बाटलीत भरून ब्रशसह टेबलावर ठेवला. इथपर्यंत ती फक्त एका हुशार कर्मचाऱ्याची युक्ती होती. ती धंदा झाली, कारण इतर सेक्रेटरी ती बाटली मागायला लागल्या. १९५६ मध्ये त्यांनी ‘मिस्टेक आउट’ नावाने ती विकायला सुरुवात केली, पुढे तिचं नाव लिक्विड पेपर झालं, आणि १९७९ मध्ये जिलेटने ती कंपनी ४ कोटी ७५ लाख डॉलर्सना विकत घेतली. त्यांच्या बँकेला त्रास होता म्हणून हे घडलं नाही. तोच टाइपरायटर हजारो टेबलांवर होता म्हणून घडलं.

तेव्हा तुमच्या उदाहरणातला ‘टाइपरायटर’ कोणता, ते ओळखा. इथे तो म्हणजे नगाने घेतलेला आणि वजनाने बिल केलेला माल, आणि लहान पुरवठादार. ज्या कंपन्यांत या दोन्ही गोष्टी आहेत तिथे तुमच्याच खुर्चीतल्या सहा-सात जणांना भेटा. जुने सहकारी आता दुसरीकडे असतीलच. भेटल्यावर तुमची कल्पना सांगू नका. सांगितली की माणसं चांगुलपणाने ‘छान आहे’ म्हणतात आणि त्याचा उपयोग शून्य. मागच्या वेळी असं बिल कधी अडकलं, ते कसं सोडवलं, आधी काय काय करून पाहिलं, आणि यावरून विभागात बोलणी कोणाला खावी लागतात, एवढं विचारा. समोरची व्यक्ती आपण होऊन स्वतःची `final_2` फाइल काढून दाखवायला लागली, तर ती सगळ्यात भरवशाची खूण समजा. ‘हो, होतं असं कधीकधी’ म्हणून विषय बदलला तर तो नकार समजा, कितीही गोड असला तरी.

आणि एक गोष्ट नीट वेगळी ठेवा. त्रास होतो बिल तपासणाऱ्याला, पण खर्चाची मंजुरी देतो फायनान्सचा प्रमुख. त्यामुळे ‘तुमच्याकडे अशा खर्चावर सही कोण करतं आणि याआधी कशावर केली?’ हेही विचारून या. ज्याला त्रास होतो त्याला अधिकार नाही आणि ज्याला अधिकार आहे त्याला त्रास दिसत नाही, अशी फट सगळीकडेच निघाली तर वस्तू कितीही चांगली असो, ती खपवताना दमछाक होईल.

सहा-सात जणांत दोघा-तिघांनी फाइल काढून दाखवली, तर सॉफ्टवेअर बनवायच्या आधी काम हाताने करून बघा. त्यांच्यापैकी एका कंपनीने तुम्हाला रीतसर परवानगीने पॅकिंग लिस्ट मेल कराव्यात, तुम्ही नगागणिक वजनाची शीट करून माल उतरायच्या आत परत पाठवावी, आणि त्यासाठी थोडे का होईना पैसे घ्यावेत. पैसे घेणं महत्त्वाचं आहे, फुकट काम कोणीही करून घेतं. हे करताना जे कळतं ते भेटीगाठींत कळत नाही. माल पोचतो आणि लिस्ट दुसऱ्या दिवशी येते, लिस्टवर रोल ३९ आणि गाडीत ४०, कागदाचा फोटो इतका तिरपा की वाचता येत नाही. लिस्ट बहुतेक वेळा मालाच्या मागूनच येते असं दिसलं, तर कल्पनेचा पायाच चुकला, आणि तो एका महिन्याच्या हातकामात कळला हे बरं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नोकरीत राहून निरीक्षण करणं, शिकणं, विचार करणं यात गैर काही नाही, पण रेषा कुठे आहे ते तुमच्या नेमणुकीच्या कराराने ठरतं, म्हणून आज रात्री तोच काढून वाचा. चार गोष्टी शोधा: नोकरीच्या काळात तुम्ही जे निर्माण कराल त्यावर मालकी कोणाची, गोपनीयतेत काय काय येतं, बाहेरचं काम करायला मनाई आहे का, आणि नोकरी सोडल्यावर त्याच क्षेत्रात काम करण्यावर बंधन आहे का. चौथ्या कलमाची ताकद देशागणिक वेगळी असते, त्यामुळे त्यावर वकिलाचं मत घ्या, मित्रमंडळींचं नको.

पहिलं कलम किती लांब जाऊ शकतं हे ब्रॅट्झ बाहुल्यांच्या खटल्यात दिसलं. कार्टर ब्रायंट हा डिझायनर बार्बी बनवणाऱ्या मॅटेलमध्ये नोकरीला असताना त्याने नव्या बाहुल्यांची कल्पना एमजीए या प्रतिस्पर्धी कंपनीकडे नेली. मॅटेलने मालकी सांगितली. २००८ मध्ये ज्यूरीने मॅटेलच्या बाजूने कौल दिला, २०१० मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला, आणि २०११ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने एमजीएच्या बाजूने कौल दिला. वाद ज्यावर फिरला ते प्रश्न तुमच्याही करारात लपलेले असू शकतात: ‘शोध’ या शब्दात नुसती कल्पना येते का, आणि ‘नोकरीच्या काळात’ म्हणजे रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही का? करारात हे मोघम असेल तर ते तुमच्या फायद्याचं आहे असं धरून चालू नका. ब्रॅट्झच्या वादात ती सगळी वर्षं कोर्टात गेली.

वहीचं काय करायचं तेही सांगतो. वही स्वतःची ठेवा, ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा मेलमध्ये एक अक्षरही नको. त्यात पुरवठादारांची नावं, दर, बिलांचे फोटो किंवा स्क्रीनशॉट घेऊ नका. ‘पीओ नगात, बिल किलोत, मर्यादेबाहेर, चार दिवस’ एवढं पुरतं. कामाची घडण लक्षात ठेवायची असते, कंपनीची माहिती नव्हे. ती डेस्कटॉपवरची फाइलसुद्धा कंपनीची आहे, भले ती तुम्ही रात्री जागून भरली असेल. ती सोबत नेऊ नका. बाहेरच्या कंपनीसाठी हातकाम सुरू करायच्या आधी बाहेरच्या कामाचं कलम आड येत असेल, तर लेखी परवानगी मागा किंवा नोकरी सोडेपर्यंत थांबा. तोंडी ‘चालेल, कर’ हे साहेब बदलले की संपतं. आणि नळीची गोष्ट कंपनीला सांगून टाका. ते तुमचं नोकरीतलं काम आहे, आणि ते लपवून ठेवून पुढे त्यावर काही उभं करणं मला तरी योग्य वाटत नाही.

मापाच्या फरकात काहीच हाती लागलं नाही, तर तुमच्या चाळिसांतून पुढची कोणती घ्यायची, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मंजुरीसाठी मागे लागणं घेऊ नका. ते सगळ्यात जास्त खुपतं, पण अनेकदा साहेब सही विसरलेले नसतात. त्या महिन्यात हातात पैसा कमी असतो आणि बिल टेबलावर ठेवणं हाच पैसे लांबवण्याचा उपाय असतो. आठवण करून देणारं सॉफ्टवेअर त्यांना नकोच असतं. त्यापेक्षा पुरवठादाराच्या बदललेल्या बँक खात्याची ओळ घ्या. ती महिन्यातून मोजक्या वेळाच येत असेल, म्हणून यादीत तळाला गेली असेल. पण मेल हॅक करून ‘आमचं खातं बदललं आहे’ असं पत्र पाठवणाऱ्यांचा उद्योग जगभर चालतो, आणि एकदा चुकलं की आख्खं पेमेंट जातं. पुढच्या वेळी असं पत्र आलं की तुम्ही कोणत्या नंबरवर फोन केलात, तो नंबर कुठून घेतला, त्याच पत्रावरून की जुन्या नोंदीतून, समोर कोण बोललं, आणि तुम्ही केलेल्या त्या फोनची नोंद कुठे राहिली, हे सगळं त्याच दिवशी वहीत लिहा.